तीन पंधरवडे वाया घालवलेस

मेलची भाषा बघून द्या म्हणालास, म्हणून मी तो दोनदा वाचला. भाषेत काही खोट नाही. शुद्धलेखन नीट आहे, ‘आदरणीय’ आणि ‘सविनय’ जागच्या जागी आहेत. खोट आहे ती तारखेत. तुझ्या मेलवर १९ डिसेंबर आहे. तुझी वरिष्ठ सहकारी कंपनी सोडते आहे. तिने राजीनामा दिला ३ नोव्हेंबरला, तो मंजूर झाला त्याच आठवड्यात, आणि तिचा शेवटचा दिवस आहे २ जानेवारी. म्हणजे साठ दिवसांच्या नोटीस पिरियडमधला पहिला दीड महिना तू कारखान्यापासून ही गोष्ट दडवून ठेवलीस, आणि आता उरलेल्या दोन आठवड्यांसाठी माझ्याकडून गोड शब्द मागतो आहेस. ते मी देणार नाही. आधी ऐकून घे.

तुझा क्लायंट साखर कारखाना आहे. बारा महिने सारखंच काम चालतं असं ते ठिकाण नाही. गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. वजनकाट्यावरून दर गाडीचं वजन तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये येतं, पंधरवडा संपला की त्यावर दर लागतो, सोसायटीचं कर्ज, बँकेची वसुली, कारखान्याची खताची उधारी वजा होते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यात जाते. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर १५ टक्के दराने व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेलं आहे. हे बिल सहा वर्षं ती काढते आहे. ती जाते आहे ही बातमी कारखान्याच्या दृष्टीने तुमच्या एचआरची नाही, त्यांच्या शेतकऱ्यांच्या पैशाची आहे. हे तुला कळत नसेल, तर त्या प्रोजेक्टचा मॅनेजर म्हणून सही कशाला करतोस?

आता हिशेब मांड. ३ नोव्हेंबर ते २ जानेवारी या काळात किती बिलं निघतात? नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, नोव्हेंबरचा दुसरा, डिसेंबरचा पहिला. तीन. चौथं बिल, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचं, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघणार, तेव्हा ती नसणार. या तीन बिलांत काम हातून हाती द्यायचं असतं. पहिलं तिने काढायचं आणि नव्या माणसाने शेजारी बसून बघायचं. दुसरं दोघांनी वेगवेगळं काढायचं आणि ताडून बघायचं. तिसरं त्याने एकट्याने काढायचं आणि तिने तोंड मिटून बसायचं. चौथ्याला ती नसली तरी कारखान्यात कुणाच्या कपाळावर आठी पडली नसती. असा बेतलेला काळ तुला आयता मिळाला होता. तू काय केलंस? कारखान्याला कळू नये म्हणून नव्या माणसाला त्यांच्या सर्व्हरवर लॉगिनच मागितलं नाहीस. लॉगिन मागितलं असतं, तर हा कोण, असं त्यांनी विचारलं असतं. म्हणून दोन बिलं तिनेच काढली, तिसरंही तीच काढते आहे, आणि तो आजही पुण्यात बसून कोड वाचतो आहे. तू बातमी लपवलीस असं तुला वाटतं. खरं तर तू हँडओव्हरच होऊ दिला नाहीस.

तुझी कारणं मी ऐकली. क्लायंट घाबरेल, म्हणालास. घाबरू दे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात घाबरलेल्या क्लायंटला तू साठ दिवसांचं वेळापत्रक दाखवू शकला असतास. डिसेंबरच्या अखेरीस घाबरलेल्या क्लायंटला काय दाखवणार आहेस? दुसरं कारण, बदली माणूस पक्का झाल्यावर सांगू. बदलीचं नाव ठरायला वेळ लागतो हे कारखान्यालाही कळतं, तीही माणसंच ठेवतात आणि त्यांचीही माणसं सोडून जातात. राजीनामा मंजूर झाला, शेवटची तारीख ठरली आणि तिला विचारलं, की दोन-तीन दिवसांत सांगायचं. नाव ठरलं नसेल तर अमुक तारखेपर्यंत कळवतो म्हणायचं आणि ती तारीख पाळायची. तिसरं कारण तर ऐकवत नाही: ती कदाचित थांबेल. पगार वाढवून ती थांबली असती तर ‘थांबली’ एवढं कळवायला एक फोन पुरला असता. तिच्या मनाचा अंदाज बांधत बसायला कारखाना तुला पैसे देत नाही.

आणि या सगळ्यात तू तिला कुठे उभं केलंस ते बघ. कारखान्यातले लोक रोज तिच्याशी बोलतात. अकाउंट्समधल्या क्लार्कने मागच्या आठवड्यात तिला सहज विचारलं, ‘मॅडम, जानेवारीत नवीन फॉर्ममध्ये कपातीचा रिपोर्ट द्याल ना?’ ती ‘बघू’ म्हणाली. सहा वर्षांत ती कधी ‘बघू’ म्हणाली नव्हती. तिला खोटं बोलायला लावलंस, आणि तेही अशा माणसांशी, ज्यांच्याशी तिचे संबंध तुझ्यापेक्षा जुने आहेत. ईडीपी मॅनेजरना संशय आलाच आहे. त्यांनी तुला विचारलं नाही, कारण तू स्वतः सांगतोस का, हे ते बघताहेत.

आता मेलकडे येऊ. तू लिहिलंस, ‘या बदलाचा प्रकल्पावर कोणताही परिणाम होणार नाही.’ हे वाक्य काढ. सहा वर्षांचा माणूस जातो आणि परिणाम होत नाही, यावर कुणाचा विश्वास बसेल? आणि बसलाच, तर ती सहा वर्षं काय करत होती, असा प्रश्न पडेल. परिणाम काय होणार ते तू सांगायचंस आणि त्यावर काय करणार तेही तूच सांगायचंस. ‘आमची टीम सक्षम आहे’ हेही काढ. सक्षम आहे की नाही ते बिल जुळल्यावर त्यांना दिसेल. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हेही नको. ती का जाते आहे हे तिचं खाजगी आहे. ती सांगेल तेवढं सांगेल, तू त्यात पडू नकोस. आणि फोनवर बोलताना ‘तशीही ती हल्ली लक्ष देत नव्हती’ असलं काही तोंडातून निघालं, तर माझ्याकडे परत येऊ नकोस. जाणाऱ्या माणसाच्या माथी मागच्या चुका मारणारा मॅनेजर क्लायंटला लगेच ओळखू येतो.

तिला नक्की काय येतं, ते तरी तू कधी विचारलंस का? तुझ्या हँडओव्हर डॉक्युमेंटमध्ये टेबलांची नावं आहेत, स्क्रीनचे फोटो आहेत. कपातीचा क्रम कुठे आहे? मी तिलाच विचारलं. एका शेतकऱ्याचं पंधरवड्याचं वजन १२.४८० टन, दर समज ३,१०० रुपये टन, म्हणजे बिल ३८,६८८ रुपये. त्यावर सोसायटीचे ३०,०००, बँकेचे १२,००० आणि खताच्या उधारीचे ४,५०० वजा करायचे आहेत. एकूण ४६,५००. बिल पुरत नाही. मग आधी कोणाचे घ्यायचे? या कारखान्यात आधी सोसायटी, मग बँक, मग खत. म्हणजे सोसायटीला ३०,०००, बँकेला उरलेले ८,६८८, आणि खताचे ४,५०० पुढच्या बिलावर. नव्या माणसाने कोड वाचून खत आधी धरलं, तर खताला ४,५००, सोसायटीला ३०,००० आणि बँकेला ४,१८८ जातील. दोन्ही वेळा शेतकऱ्याच्या हाती शून्य आणि एकूण कपात ३८,६८८. बेरीज जुळते! चीफ अकाउंटंट बेरीज बघून सही करतील आणि महिन्याने बँकेचा माणूस वसुलीची यादी घेऊन दारात उभा राहील. अशी चूक एकूण आकड्यात सापडत नाही. ती सापडते शेतकरी-निहाय आणि कपातीच्या शीर्षानिहाय दोन बिलं समोरासमोर ठेवल्यावर. म्हणून ‘दोघांचं बिल जुळलं’ असं तू मला सांगायला आलास, तर मी पहिलं हेच विचारणार की कशावर जुळवलंस.

दुसरी गोष्ट. कोडमध्ये एक जागा आहे जिथे एफआरपी दोन टप्प्यांत धरली आहे आणि दुसरी जिथे एकरकमी. नव्या माणसाला ते निरुपयोगी जुनं कोड वाटलं, काढून टाकू का म्हणून तो विचारत होता. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन टप्प्यांना परवानगी दिली आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तेव्हा मधल्या हंगामांची बिलं त्याच हिशेबाने परत काढून दाखवावी लागतात. ऑडिटर मागतात. ते कोड काढलं की मागचे हंगाम उघडणार नाहीत. हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये आहे? कुठेच नाही, ते तिच्या डोक्यात आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात लहान आहे आणि सगळ्यात आधी तीच अडेल. शेतकऱ्यांना बिलाचा एसएमएस ज्या सेवेतून जातो, त्या खात्याचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? तिच्या स्वतःच्या. २ जानेवारीनंतर कारखान्याचं खातं उघडायला तू तिला तिच्या नव्या ऑफिसात फोन करणार आहेस का? हे आजच्या आज बदल. नंबर तुझाही नको, कारखान्याचा असू दे. तुमच्यातला पुढचा माणूस गेला की हीच वेळ पुन्हा नको.

वेळ गेली, हे खरं. पण सगळंच हातचं गेलेलं नाही, म्हणून तर एवढं बोलते आहे. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचं बिल या आठवड्यात चाललं आहे. ते तिने एकटीने काढू नये. कारखान्याला सांगून नव्या माणसाला लॉगिन घे, त्याने टेस्ट सर्व्हरवर स्वतः बिल काढावं, तिने खरं काढावं, आणि दोन्ही शेतकरी-निहाय ताडावीत. फरक आला की तिने उत्तर सांगायचं नाही. त्याने कारण शोधायचं, लिहायचं आणि तिला दाखवायचं. मग नोव्हेंबरची दोन बिलं घे. ती वाटली गेली आहेत, म्हणजे त्यांची उत्तरं ठाऊक आहेत. ती त्याला टेस्टवर परत काढायला लाव, तिची मदत न घेता, आणि वाटलेल्या बिलाशी जुळव. मी तुम्हाला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावायची, तसंच हे. तू वाया घालवलेले पंधरवडे पूर्ण परत येत नाहीत, कारण त्यात ऐनवेळच्या दुरुस्त्या नसतात, शेती ऑफिसमधून चुकीच्या नावावर आलेली स्लिप नसते. पण कपातीचा क्रम, दर, मागील बाकी हे सगळं त्यात कळतं.

हँडओव्हर बसतो आहे की नाही, हे तो शांत दिसतो यावरून ठरवू नकोस. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याने तिला एकही प्रश्न विचारला नाही, तर समज की तो नुसतं बघतो आहे. प्रश्न भरपूर येऊन मग कमी होत गेले पाहिजेत, आणि त्यांचा पोत बदलला पाहिजे. आधी ‘हे बटण कुठलं?’, मग ‘हे असंच का?’. आणि शेवटच्या आठवड्यात कारखान्याचे फोन त्याच्याकडे गेले पाहिजेत. लोक अजून तिलाच फोन करत असतील, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, काम तिच्याकडेच आहे.

डिसेंबरच्या दुसऱ्या बिलासाठी तिला काही दिवस पुढे थांबता येईल का, हे तिला विचार. विचार, गळ घालू नकोस. ती तयार असली तर त्या दिवसांचे पैसे तुमच्या कंपनीने द्यायचे. दोघं एकाच कामावर असतील तेव्हा दुसऱ्याचा खर्च कारखान्याच्या बिलात टाकायचा नाही, हे मेलमध्ये आधीच लिही. ती तयार नसली, तर ते बिल दोन दिवस आधी सुरू करायचं ठरव आणि त्या काळात नवीन रिपोर्टची कामं थांबवलीत असंही लिही. काहीतरी थांबवावं लागतंच. ते तू ठरवून सांगितलंस तर नियोजन, त्यांना नंतर कळलं तर गलथानपणा.

मेल पाठवण्याआधी करार काढून वाच. मोठ्या कामांच्या करारात बहुधा महत्त्वाच्या माणसांबद्दल कलम असतं: बदल आधी लेखी कळवायचा, बदली माणूस तितक्याच अनुभवाचा द्यायचा, क्लायंटने त्याला भेटून हो म्हणायचं. तुझ्या करारात ते असेल, तर तू दीड महिना करार मोडत होतास, आणि मग मेलमध्ये उशिराची कबुली त्या कलमाचा उल्लेख करून द्यावी लागेल. वाचलेलं नाहीस हे तुझ्या चेहऱ्यावर दिसतंय.

आणि मेल आधी नाही. आधी फोन. तो ईडीपी मॅनेजरना, कारण उद्या कार्यकारी संचालकांनी बोलावलं की उत्तर त्यांना द्यावं लागेल, आणि साहेबांच्या केबिनमध्ये ही बातमी त्यांनी पहिल्यांदा ऐकू नये. त्यांच्याशी बोलून मग मेल, कार्यकारी संचालकांना, चीफ अकाउंटंट आणि शेती अधिकाऱ्यांना प्रत देऊन. मेल असा लिही. शब्द तुझे घाल, पण एकही तारीख गाळू नकोस.

‘ऊस बिल प्रणालीचं काम बघणाऱ्या आमच्या वरिष्ठ सहकारी २ जानेवारी रोजी कंपनी सोडत आहेत. त्यांनी राजीनामा ३ नोव्हेंबरला दिला होता. आपल्याला तेव्हाच कळवायला हवं होतं, ते मी केलं नाही. ही चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांच्या जागी काम बघणारे सहकारी सोमवार, २२ डिसेंबरला कारखान्यावर येऊन आपल्याला भेटतील. आपल्याला ते योग्य वाटले नाहीत तर तसं २४ तारखेपर्यंत कळवावं, आम्ही दुसरं नाव देऊ. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचं बिल दोघं वेगवेगळं काढतील आणि शेतकरी-निहाय, कपात-निहाय फरकाची यादी आपल्या अकाउंट्स विभागाला सहीसाठी देतील. नोव्हेंबरची दोन्ही बिलं नवे सहकारी टेस्ट सर्व्हरवर पुन्हा काढून वाटलेल्या बिलांशी जुळवतील, त्याचा अहवाल २९ डिसेंबरला मिळेल. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याचं बिल त्यांनी एकट्याने काढलेलं पहिलं बिल असेल. जोखीम इथे आहे. ते वाटण्यापूर्वी त्याची तपासणी मी स्वतः कारखान्यावर बसून करेन. तोपर्यंत नवीन रिपोर्टची कामं थांबवली आहेत, ती १५ जानेवारीला पुन्हा सुरू होतील. या काळात जादा माणसाचा खर्च आपल्याकडून घेतला जाणार नाही. एसएमएस सेवेचं खातं आपल्या विभागाच्या मोबाइल नंबरवर बदलून घेण्यासाठी सोमवारी अर्धा तास हवा. जाणाऱ्या सहकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड २ जानेवारीला संध्याकाळी बंद करून तसं लेखी कळवू.’

एवढंच. यात एकही पोकळ विशेषण नाही, बघितलंस? प्रत्येक वाक्यावर त्यांना तुला जाब विचारता येतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. तुझ्या मेलमधल्या कुठल्या वाक्याबद्दल त्यांना २९ डिसेंबरला जाब विचारता आला असता?

हा मेल तिला आधी दाखव. तिच्याबद्दल लिहिलेलं तिला मान्य आहे ना, ते विचार. मग कारखान्यावर जाशील तेव्हा तिलाही बरोबर ने. सहा वर्षं ज्यांच्यासाठी रात्री जागून बिलं काढली, त्यांचा निरोप तिला नीट घेता आला पाहिजे, आणि नव्या माणसाची ओळख तिने करून दिली तर लोक त्याला लवकर आपलं म्हणतील. ते तुझ्या सांगण्याने होणार नाही.

आज शुक्रवार आहे. कारखान्याचं ऑफिस सहापर्यंत उघडं असतं. माझ्यासमोर बसून वेळ काढू नकोस, बाहेर व्हरांड्यात जा आणि ईडीपी मॅनेजरना फोन लाव. ते चिडले तर मधे बोलू नकोस, त्यांचं सगळं ऐकून घे. मग तारखा सांग. फोन झाला की आत ये, मेल आपण दोघं वाचू आणि मगच पाठवायचा.